अत्तहिय्यात आणि दरूद: घरात दोन पाठ, मुलीने कोणता म्हणावा?

कोकणी नागपूरकर

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि नोकरीमुळे गेली चौदा वर्षे आम्ही नागपुरात राहतो. कोकणातील बहुतेक मुसलमानांप्रमाणे आम्ही इमाम शाफई यांची पद्धत पाळणारे शाफई आहोत, तर आमच्या मोहल्ल्यातील मशीद आणि माझी मुलगी जिथे शिकते तो मक्तब, दोन्ही इमाम अबू हनीफा यांची पद्धत पाळणारे हनफी आहेत. इतकी वर्षे याचा कधी प्रश्न आला नव्हता. गेल्या महिन्यात माझे वडील गावाहून राहायला आले आणि अकरा वर्षांच्या नातीला त्यांनी नमाज म्हणून दाखवायला सांगितली, तेव्हा बैठकीपर्यंत सर्व ठीक चालले. बैठकीत तिने "अत्तहिय्यातु लिल्लाहि वस्सलवातु वत्तय्यिबातु" अशी सुरुवात केली आणि वडिलांनी तिला थांबवले. त्यांच्या तोंडी लहानपणापासून "अत्तहिय्यातुल मुबारकातुस्सलवातुत्तय्यिबातु लिल्लाहि" हा पाठ आहे. शेवटीही फरक आहे. मुलगी "अन्ना मुहम्मदन अब्दुहू व रसूलुहू" म्हणते, तर वडील "अन्ना मुहम्मदर्रसूलुल्लाह" म्हणतात.

त्यानंतरच्या रविवारी वडिलांनी घरी जोहरची जमात केली. त्यांना ऐकू कमी येते, त्यामुळे मनात म्हणायचे शब्दही ते कुजबुजल्यासारखे मोठ्याने म्हणतात. दोन रकातींनंतरच्या पहिल्या बैठकीत ते अत्तहिय्यात संपवून "अल्लाहुम्मा सल्लि अला मुहम्मद" एवढे दरूद म्हणाले आणि मग तिसऱ्या रकातीसाठी उठले. नमाजेत काही विसरले किंवा चुकले तर शेवटी दोन जादा सज्दे करतात, त्याबद्दल नमाज झाल्यावर मुलगी म्हणाली, "आजोबा, सज्दा-ए-सहव राहिला." वडील म्हणाले, "कशाचा? मी काहीच विसरलो नाही." दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत आणि मला दोघांचीही समजूत घालता आलेली नाही. दोन पाठ मुळात का आहेत, आणि त्या रविवारी चूक झाली की नाही, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

मोमिनपुऱ्याचा भाऊ

भाऊ, अत्तहिय्यात हा मेराजच्या रात्रीचा संवाद आहे. हुजूर म्हणाले, "अत्तहिय्यातु लिल्लाहि". अल्लाहने उत्तर दिले, "अस्सलामु अलैका अय्युहन्नबिय्यु". हुजूरांनी त्यात सर्व नेक बंद्यांना सामील केले आणि फरिश्त्यांनी ग्वाही दिली. संवाद एकच झाला, म्हणजे शब्दही एकच असले पाहिजेत, आणि ते तुमची मुलगी म्हणते तेच आहेत. तुमच्या वडिलांचा पाठ सुरुवातीच्या काळातील असावा आणि पुढे तो बदलला असावा. आमच्याकडे मी दुसरा पाठ कधी ऐकलेला नाही. मुलीला तिच्या मक्तबाप्रमाणेच म्हणू द्यावे.

अरबीचा विद्यार्थी

मी कामठीला राहतो आणि बरीच वर्षे अरबी शिकवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मेराजचा हा संवाद आपण सर्वांनी वाजमध्ये ऐकला आहे आणि काही जुन्या टीकाकारांनीही तो दिला आहे, पण बुखारी आणि मुस्लिम या हदीससंग्रहांत अत्तहिय्यातची जी हकीकत सनदेसह येते ती वेगळी आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद सांगतात की, सुरुवातीला आम्ही बैठकीत "अल्लाहवर सलाम, जिब्रीलवर सलाम, मीकाईलवर सलाम, अमक्यावर सलाम" असे म्हणत असू. प्रेषितांनी ते थांबवले, कारण अल्लाह स्वतःच सलाम आहे. ज्याच्याकडून शांती येते त्याला शांती कोण चिंतणार? त्याऐवजी हे शब्द म्हणा, असे सांगून त्यांनी अत्तहिय्यात शिकवली. त्यातील "अस्सलामु अलैना व अला इबादिल्लाहिस्सालिहीन" या वाक्याबद्दल ते म्हणाले की, हे म्हटले की तो सलाम आकाशातील आणि जमिनीवरील प्रत्येक नेक बंद्याला पोहोचतो. म्हणजे पूर्वी लोक एकेक नाव घेऊन सलाम म्हणत होते, त्या सगळ्या यादीची जागा या एका वाक्याने घेतली. हे वाक्य आजोबा आणि नात दोघेही अक्षरशः सारखेच म्हणतात, हे आधी लक्षात घ्यावे.

आता दोन पाठ का, ते सांगतो. मुलीचा पाठ इब्न मसऊद यांचा आहे. ते म्हणतात की, माझा तळहात प्रेषितांच्या दोन तळहातांमध्ये होता आणि कुरआनची सूरह शिकवावी तशी त्यांनी मला अत्तहिय्यात शिकवली. वडिलांचा पाठ हजरत अब्दुल्लाह इब्न अब्बास यांचा आहे. तो मुस्लिममध्ये आहे, आणि तेही म्हणतात की, प्रेषित आम्हाला कुरआनची सूरह शिकवावी तशी अत्तहिय्यात शिकवत असत. तिसरा पाठ हजरत उमर यांनी मदिनेच्या मिंबरवरून लोकांना शिकवला. त्यात "अज्जाकियातु लिल्लाहि" असा शब्द येतो आणि इमाम मालिक यांनी तो मुवत्तामध्ये नोंदवला आहे.

मग कोणत्या इमामांनी कोणता पाठ धरला, हे नकाशावर पाहिले की उलगडते. इब्न मसऊद यांना हजरत उमर यांनी कूफ्याला शिकवण्यासाठी पाठवले होते आणि इमाम अबू हनीफा कूफ्याचे. इब्न अब्बास यांची शिकवणी मक्केत रुजली आणि इमाम शाफई मक्केत वाढले. इमाम मालिक मदिनेचे. प्रत्येकाने आपल्या शहरात हयात असलेल्या शिष्यपरंपरेचा पाठ जास्त भक्कम मानला. कोकण किनाऱ्यावर अरबी समुद्रातून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर शाफई मसलक आला आणि विदर्भात उत्तरेकडून हनफी मसलक आला, म्हणून तुमच्या एका घरात कूफा आणि मक्का समोरासमोर बसले आहेत. एक पाठ रद्द होऊन दुसरा आला, असे मुळीच नाही. शाफई मसलकाचेच मोठे विद्वान इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी मुस्लिमच्या टीकेत लिहिले आहे की, यांतील कोणताही पाठ म्हणणे जायज आहे यावर उलेमांचे एकमत आहे. मतभेद आहे तो अधिक उत्तम कोणता, एवढ्यापुरताच.

मोमिनपुऱ्याचा भाऊ

सर, मेराजचे मी लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून तसेच लिहिले. पाठ बदलला असावा हे मात्र मी अंदाजाने लिहिले होते, ते मागे घेतो. तरीही एक विचारतो: दोन्ही सही असतील, तर हनफी लोकांनी हाच का उत्तम मानला? केवळ शहराचा प्रश्न असेल तर मन मानत नाही.

अरबीचा विद्यार्थी

केवळ शहर नाही, शब्दांवरूनही युक्तिवाद आहे आणि तो मला फार आवडतो. इब्न मसऊद यांच्या पाठात "व" आहे: अत्तहिय्यातु लिल्लाहि, वस्सलवातु, वत्तय्यिबातु. "आणि" आले की प्रत्येक गोष्ट स्वतंत्र होते, म्हणजे तीन वेगळ्या स्तुती झाल्या. आपल्याकडचे उलेमा त्यांचा अर्थ जिभेची इबादत, शरीराची इबादत आणि मालाची इबादत असा सांगतात. इब्न अब्बास यांच्या पाठात "व" नाही, म्हणून तिथे पुढचे शब्द पहिल्याला जोडून येतात. हनफी म्हणतात, तीन स्तुती एका स्तुतीपेक्षा जास्त. शिवाय इब्न मसऊद यांच्या शिष्यांनी हा पाठ सांगताना एका अक्षराचाही फरक केला नाही, हेही ते पुढे ठेवतात.

शाफई म्हणतात, आमच्या पाठात "मुबारकात" हा एक शब्द जास्त आहे आणि तो कुरआनशी जुळतो. सूरह नूरच्या ६१व्या आयतीत घरात शिरताना एकमेकांना सलाम करण्याबद्दल "तहिय्यतन मिन इंदिल्लाहि मुबारकतन तय्यिबह" असे शब्द आहेत. तहिय्या, मुबारक, तय्यिब हे तिन्ही तिथे एकत्र येतात. वडिलांना ही आयत दाखवा, त्यांना आनंद होईल. आणि मुलीला तळहाताची ती हदीस सांगा.

स्नेहल, वर्धा

मी मुस्लिम नाही, त्यामुळे काही चुकले तर सांभाळून घ्यावे. शीर्षक वाचून मला वाटले की, ताजबागला नमाजेनंतर लोक बसून जे पठण करतात त्याबद्दल हा धागा आहे. आता लक्षात आले की हे नमाजेच्या आतले आहे. वाचता वाचता एक प्रश्न पडला. दरूदमध्ये इब्राहीम यांचे नाव येते असे मी ऐकले आहे. प्रेषित मुहम्मद यांच्यासाठी आशीर्वाद मागताना इब्राहीम यांना दिला तसा दे, असे का म्हणतात? "तसा" म्हटले की उपमान मोठे ठरते, असे आम्ही अलंकार शिकताना वाचले होते.

अरबीचा विद्यार्थी

ताई, ताजबागला तुम्ही ऐकले ते सलाम-दरूद बहुधा नमाज संपल्यानंतरचे असते. इथे सलाम फेरण्याच्या आधीचे चालले आहे. पण तुम्ही विचारलेला प्रश्न जुना आणि खरा आहे. मोठमोठ्या विद्वानांनी तो अगदी याच शब्दांत विचारला आहे.

आधी दरूद कुठून आले ते सांगतो. सूरह अहजाबच्या ५६व्या आयतीत श्रद्धावंतांना दोन आज्ञा आहेत: प्रेषितांवर सलात पाठवा आणि सलाम पाठवा. बुखारीत येते की, हजरत कअब बिन उजरा एका शिष्याला भेटले आणि म्हणाले, "तुला एक भेट देऊ का?" मग त्यांनी सांगितले की, आम्ही प्रेषितांना विचारले, "आपल्यावर सलाम कसा म्हणायचा हे आम्हाला समजले आहे, पण सलात कशी पाठवायची?" समजलेला सलाम म्हणजे अत्तहिय्यातमधला "अस्सलामु अलैका", असे उलेमा सांगतात. उत्तरात प्रेषितांनी शिकवले ते असे:

अल्लाहुम्मा सल्लि अला मुहम्मदिव् व अला आलि मुहम्मदिन्, कमा सल्लैता अला इब्राहीमा व अला आलि इब्राहीमा, इन्नका हमीदुम् मजीद. अल्लाहुम्मा बारिक् अला मुहम्मदिव् व अला आलि मुहम्मदिन्, कमा बारक्ता अला इब्राहीमा व अला आलि इब्राहीमा, इन्नका हमीदुम् मजीद.

म्हणजे आयतीतील दोन आज्ञा बैठकीत दोन ठिकाणी पाळल्या जातात. सलाम अत्तहिय्यातमध्ये आणि सलात दरूदमध्ये. अबू हुमैद साइदी यांच्या रिवायतीत "आलि मुहम्मद" ऐवजी प्रेषितांच्या पत्नी आणि संतती असे शब्द आहेत, आणि तोही पाठ सहीच आहे.

आता "कमा", म्हणजे तुमचे "तसा". एक उत्तर असे की, तुलना प्रमाणाची नाही, कृतीची आहे. "तू पूर्वी त्या घरावर कृपा केलीस, तशी या घरावर कर" असे मागणे आहे. दुसरे उत्तर मला जास्त पटते. इब्राहीम यांच्या "आल" मध्ये त्यांच्या वंशातील सगळे प्रेषित येतात, आणि हजरत मुहम्मद स्वतःही त्याच वंशातले आहेत. त्या संपूर्ण घराण्याला मिळालेली कृपा एकत्र धरली, तर ती मोठी असणारच, आणि त्यात त्यांचा वाटा आधीच आहे. आणखी एक गोष्ट पाहा. सूरह हूदच्या ७३व्या आयतीत फरिश्ते इब्राहीम यांच्या घरी येऊन त्यांच्या वृद्ध पत्नीला मुलाची बातमी देतात आणि म्हणतात, "या घरच्यांनो, तुमच्यावर अल्लाहची रहमत आणि त्याच्या बरकती असोत, तो हमीद आहे, मजीद आहे." दरूदचा शेवट त्याच दोन नावांनी होतो. इब्राहीम यांच्या दारात फरिश्त्यांनी उच्चारलेली ही नावे आपण रोज बैठकीत म्हणतो, हे एकदा कळले की ती नुसती पाठ म्हणवत नाहीत.

स्नेहल, वर्धा

घराण्याचे स्पष्टीकरण पटले. मनापासून आभार.

कोकणी नागपूरकर

सर, पाठांबद्दल माझे समाधान झाले. पण रविवारच्या जोहरचे काय? घरात अजूनही तोच विषय आहे.

अरबीचा विद्यार्थी

रविवारची जोहर आता टप्प्याटप्प्याने पाहू. चार रकातींची फर्ज नमाज. दोन रकातींनंतर पहिली बैठक, चौथ्या रकातीनंतर शेवटची.

हनफी हिशेबाने फर्ज नमाजेच्या पहिल्या बैठकीत फक्त अत्तहिय्यात म्हणायची आणि लगेच तिसऱ्या रकातीसाठी उठायचे. कोणी विसरून दरूद सुरू केले आणि "अल्लाहुम्मा सल्लि अला मुहम्मद" एवढे पूर्ण झाले, तर सज्दा-ए-सहव वाजिब होतो. दरूद म्हणणे गुन्हा आहे असा याचा अर्थ कृपया कोणी काढू नये. कारण वेगळे आहे: तिसऱ्या रकातीचे उभे राहणे लांबले. तेवढाच वेळ कोणी गप्प बसून राहिला असता, तरी सज्दा लागलाच असता. मुलीला मक्तबात हेच शिकवले आहे आणि ते तिने बरोबर लक्षात ठेवले आहे.

शाफई हिशेबाने पहिल्या बैठकीत अत्तहिय्यातनंतर प्रेषितांवर थोडक्यात दरूद म्हणणे ही सुन्नत आहे, आणि तीही अशी सुन्नत, की ती राहिली तर सज्दा-ए-सहव करणे मुस्तहब ठरते. म्हणजे एकाच वाक्यासाठी हनफी माणूस ते म्हटले म्हणून सज्दा करील आणि शाफई माणूस ते राहिले म्हणून करील. तुमच्या वडिलांनी त्यांच्या मसलकाप्रमाणे योग्य तेच केले. "मी काहीच विसरलो नाही" हे त्यांचे उत्तर अक्षरशः खरे आहे. नमाज पूर्ण झाली, ती पुन्हा करण्याचे कारण नाही.

शेवटच्या बैठकीत मात्र चित्र उलटते. हनफींच्या मते अत्तहिय्यात म्हणण्याइतका वेळ बसणे फर्ज आहे, अत्तहिय्यात म्हणणे वाजिब, आणि दरूद सुन्नत. दरूद राहिले तरी नमाज होते आणि सज्दा लागत नाही. शाफईंच्या मते शेवटची अत्तहिय्यातही रुक्न, म्हणजे नमाजेचा अनिवार्य भाग, आहे आणि तिच्यानंतरचे किमान "अल्लाहुम्मा सल्लि अला मुहम्मद" एवढे दरूदही रुक्न आहे. ते राहिले, तर सज्दा-ए-सहवने भागत नाही, ते म्हणावेच लागते.

यातून तुमच्यासाठी एक गोष्ट निघते, कारण तुम्ही शाफई असून हनफी इमामामागे रोज उभे राहता. शेवटच्या बैठकीत इमामसाहेबांनी सलाम फेरला आणि तुमचे दरूद सुरूच झाले नसेल, तर त्यांच्याबरोबर घाईने मान वळवू नका. किमान दरूद पूर्ण करा आणि मग सलाम फेरा.

कोकणी नागपूरकर

हे माझ्या बाबतीत अनेकदा झाले आहे, विशेषतः असरच्या वेळी ऑफिसजवळच्या मशिदीत. मी इमामसाहेबांबरोबरच सलाम फेरत आलो. आणि पहिल्या बैठकीत ते उठतात, तेव्हा माझे दरूद अर्धेच झालेले असते. तिथे काय करावे?

अरबीचा विद्यार्थी

तिथे उठावे. इमामाच्या मागे राहणे आधी, सुन्नत नंतर. जमातीत मुक्तदीकडून, म्हणजे इमामामागे उभ्या असलेल्याकडून, अशी गोष्ट राहिली, तर तिचा भार इमाम उचलतो. पण हनफी इमाम ते दरूद मुळातच म्हणत नाही, त्याच्या मते तो ते विसरलेला नाही. अशा वेळी शाफई मुक्तदीने इमामाच्या सलामानंतर स्वतःचा सज्दा करावा का, यावर शाफई किताबांत चर्चा आहे. त्यावर मी इथे निकाल देणार नाही. तुमच्या गावाकडील एखाद्या शाफई आलिमांना विचारावे.

खिळे जुळारी

मी मुद्रणाच्या व्यवसायातून निवृत्त झालो. सीताबर्डीजवळच्या एका छापखान्यात असताना मी देवनागरीतील नमाजेच्या पुस्तिका जुळवल्या आहेत आणि नंतर संगणकावरही केल्या आहेत. उर्दू न येणारी मुले आणि नव्याने शिकणारी मोठी माणसे त्यावरूनच पाठ करतात. अत्तहिय्यात आणि दरूद या दोन पानांवर सर्वांत जास्त चुका मी पाहिल्या, त्यातील तीन सांगतो, कारण त्या छापणाऱ्याच्याही आहेत आणि वाचणाऱ्याच्याही.

पहिली म्हणजे "अश्हदु अल्ला इलाहा इल्लल्लाह". मूळ शब्द "अन्" आणि "ला" असे दोन आहेत. त्यांचा संधी होऊन "अल्ला" ऐकू येते आणि त्याचा अर्थ "की कोणीही नाही" असा आहे. देवनागरीत तो छापला की मराठी डोळ्याला अल्लाहचेच नाव दिसते. माझ्या नातवाने "अश्हदु अल्ला" म्हणून श्वास घेतला आणि मग "इलाहा इल्लल्लाह" म्हटले. नकार तर गेलाच, उच्चारही जाड झाला, कारण अल्लाहच्या नावातला "ल" जाड होतो आणि इथला पातळ असतो. तेव्हापासून मी "अल्-ला इलाहा" असे तोडून छापत आलो.

दुसरी "बारिक्". मराठीत "बारीक" हा रोजचा शब्द आहे, त्यामुळे जुळारीही नकळत दीर्घ वेलांटी लावतो आणि वाचणारा "बारीक अला मुहम्मद" म्हणतो. इथे र ऱ्हस्व आहे, क अर्धा आहे, आणि अर्थ "बरकत दे" असा आहे.

तिसरी "सल्लैता" आणि "बारक्ता". शेवटचा काना गाळून "सल्लैत" छापले, की मराठीच्या सवयीने आपण त्याचा शेवटचा स्वर खातो. जिथे "तू केलीस" म्हणायचे आहे, तिथे शब्द अर्धाच राहतो.

अरबीचा विद्यार्थी

भाऊसाहेब, आपण हे फार नेमके लिहिले आहे. त्यात एकच भर घालतो. "हमीद" मधला ह घशातून येतो आणि "अब्दुहू" मधला ह साधा आहे. देवनागरीत दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जातात. "सालिहीन" मधला स आणि "सलाम" मधला स हेही अरबीत वेगळे आहेत. नुक्ते देऊन हे सगळे दाखवता येत नाही. म्हणून पुस्तिका आठवणीसाठी ठेवावी आणि उच्चार मात्र कोणाच्या तरी तोंडून ऐकूनच घ्यावा.

कामठीची आपा

माझा प्रश्न वेगळा आहे, पण बैठकीचाच आहे. दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून मी खुर्चीवर नमाज पढते. उभे राहणेही थोडेच जमते, त्यामुळे सगळी नमाज बसूनच होते आणि कियाम कुठला, बैठक कुठली, हे मला समजेनासे होते. एकदा मी अल्हम्दु म्हणण्याच्या जागी अत्तहिय्यात सुरू केली आणि मला रडू आले. आता मी एक करते. कियामच्या वेळी हात बांधते. बैठक आली की हात मांड्यांवर ठेवते आणि "अल्-ला" वर बोट उचलून "इल्ला" वर खाली घेते. हात कुठे आहेत ते पाहिले की मी कुठे आहे ते कळते. हे बरोबर आहे ना? आणि रकातच विसरले तर?

अरबीचा विद्यार्थी

आपा, हातांचे आपण करता ते अगदी योग्य आहे. हात तिथेच ठेवायचे असतात आणि हनफी पद्धतीत बोटही तसेच उचलतात. रकातींचा संशय वारंवार येत असेल, तर मन ज्या संख्येकडे जास्त झुकते ती धरावी. मन कुठेच झुकत नसेल, तर कमी संख्या धरावी, जी रकात शेवटची असू शकेल अशा प्रत्येक रकातीनंतर बसून अत्तहिय्यात म्हणावी, आणि शेवटी सज्दा-ए-सहव करावा. म्हणजे उजवीकडे एक सलाम, दोन सज्दे, पुन्हा अत्तहिय्यात, दरूद, दुआ आणि दोन्हीकडे सलाम. खुर्चीवर सज्दा इशाऱ्याने करता तसाच करावा.

कामठीची आपा

अल्लाह आपल्याला जजा-ए-खैर देवो. पुन्हा अत्तहिय्यात म्हणायची असते हे मी विसरले होते. मी दोन सज्दे करून थेट सलाम फेरत होते.

साधा वाचक

एक मुद्दा कोणीच मांडला नाही, म्हणून मांडतो. इब्न मसऊद यांच्याच बुखारीतील एका रिवायतीत शेवटी असे आहे की, प्रेषित हयात होते तेव्हा आम्ही "अस्सलामु अलैका", म्हणजे "आपल्यावर सलाम", असे म्हणत असू, आणि त्यांच्या निधनानंतर आम्ही "अस्सलामु अलन्नबिय्यि", म्हणजे "नबींवर सलाम", असे म्हणू लागलो. मग आज आपण समोर असल्याप्रमाणे "अलैका" का म्हणतो? मी स्वतः काही वर्षांपासून दुसऱ्या प्रकारे म्हणतो.

मोमिनपुऱ्याचा भाऊ

आपल्या म्हणण्याचा मान ठेवून लिहितो, पण हे शब्द बदलणे मला योग्य वाटत नाही. आम्ही तो सलाम हुजूरांना पोहोचतो या यकीनने म्हणतो, आणि "अलैका" मध्ये जी जवळीक आहे ती दुसऱ्या शब्दात नाही.

अरबीचा विद्यार्थी

ती रिवायत बुखारीत आहे, हे साधा वाचक यांनी बरोबर सांगितले. दुसऱ्या बाजूला, हजरत उमर यांनी मिंबरवरून शिकवलेला पाठ हा प्रेषितांच्या निधनानंतरचाच आहे आणि त्यात "अलैका" आहे. चारही मसलकांनी "अलैका" धरला, कारण शिकवलेले शब्द जसेच्या तसे ठेवणे त्यांना अधिक सुरक्षित वाटले. इब्न मसऊद यांच्या शिष्यांनी कूफ्यात पुढे काय म्हटले, यावर अभ्यासकांचे मत एक नाही. माझ्या मते जमातीत चार मसलकांचा शब्द धरावा, पण ज्यांच्याकडे ही रिवायत आहे त्यांची नमाज चुकली असे मी म्हणणार नाही.

साधा वाचक

मिंबरचा दाखला महत्त्वाचा आहे, त्यावर मी विचार करीन. माझे मत अजून बदललेले नाही.

कोकणी नागपूरकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना सूरह नूरची आयत वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून "मुबारकतन तय्यिबह" या शब्दांवर बोट ठेवले आणि दोनदा वाचले. मग मुलीने त्यांचा तळहात स्वतःच्या दोन तळहातांमध्ये धरला आणि तिची अत्तहिय्यात त्यांना म्हणून दाखवली. "अल्-ला इलाहा" वर ती थोडी अडखळली. तिच्या पुस्तिकेत ते जोडूनच छापलेले आहे, ते आम्ही पेनाने तोडून घेतले.

एवढे ठरले आहे की, ती मक्तबाचा पाठ म्हणेल आणि घरी आजोबांच्या मागे उभी राहिली, तर पहिल्या बैठकीतील त्यांच्या दरूदवर सज्दा मागणार नाही. माझ्या असरच्या नमाजांचे, म्हणजे दरूद न म्हणता मी इमामांबरोबर सलाम फेरला त्यांचे काय करावे, हे मात्र राहिले आहे. सरांनी सुचवल्याप्रमाणे गावच्या आलिमांना त्याबद्दल आणि मुक्तदीच्या सज्द्याबद्दल पत्राने विचारले आहे. उत्तर आले की इथे लिहीन.